कार्बाइडातलं कासव

चिखलीच्या एमआयडीसीत राजकुमारशेठची टूलरूम आहे. फवारणी पंपाची झाकणं, ठिबकच्या तोट्या, पेरणीयंत्राच्या चकत्या अशा प्लॅस्टिकच्या वस्तूंचे पोलादी साचे तिथं बनतात. शेडमध्ये माणसं मोजकीच. कोपऱ्यातलं स्पार्क मशीन चांगुणाकडे. बुलडाण्याच्या आयटीआयमधून निघाली तेव्हापासून, म्हणजे वीस वर्षं, ती तेच चालवते. बेंचवर फिटर धम्मदीप. कानस त्याच्या हातात आली की लोखंडाला लाज वाटावी इतकं गुळगुळीत काम. आणि यंदा आलेला कुलदीप. मूळचा मोताळ्याचा, पण सहा वर्षं चाकणला काढून आलेला. त्याच्याकडे शेडमधलं सगळ्यात नवं मशीन होतं, कॉम्प्युटरवर चालणारं, फिरत्या कटरनं पोलाद कापणारं मिलिंगचं.

कुलदीपचं काम चांगलं होतं, हे चांगुणाही कबूल करायची. फक्त ते काम करताना तो गप्प बसत नसे.

"ताई, झालं का?" सकाळी अकराच्या चहाला तो हटकून विचारायचा. "की अजून चालूच आहे कालचं?"

चांगुणाचं मशीन हळू, हे खरंच. पाहणाऱ्याला तर त्यात काहीच घडताना दिसत नाही. टाकीत तेल, तेलात बुडालेला पोलादी तुकडा म्हणजे जॉब, त्याच्यावर उतरलेला तांब्याचा ठसा. ठसा जॉबला टेकत नाही. दोघांच्या मधे केसाहून बारीक फट ठेवून तो थांबतो आणि त्या फटीत एका सेकंदाला हजारो ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगी पोलादाचा डोळ्याला न दिसणारा कण वितळवते, थोडा वाफेत उडवते, आणि तेल तो कण वाहून नेतं. बाहेर ऐकू येते ती नुसती चरचर, कढईत मोहरी तडतडावी तशी. संध्याकाळी ठसा वर उचलला की पोलादात त्याच आकाराचा खड्डा पडलेला असतो.

"कासव आहे हे," कुलदीप म्हणायचा. "चाकणला आम्ही असली मशिनं कोपऱ्यात झाकून ठेवायचो."

"झाकून ठेवत असशीन, पण विकत नसशीन," चांगुणा म्हणायची.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट सांगण्यासारखी झालीच नसती. पण दिवाळीनंतर कुलदीपनं शेठच्या डोक्यात भरवलं की स्पार्क मशीन विकून टाका, त्या जागेत आणखी वेगानं फिरणारं मिलिंग बसवू, कडक पोलादसुद्धा थेट कापू. शेठ माणूस भला, पण नव्या गोष्टीचं कॅटलॉग हातात आलं की दोन दिवस दुसरं काही सुचत नसे. तो कॅटलॉग घेऊन शेडमध्ये फिरू लागला आणि फिरता फिरता चांगुणाच्या मशीनची लांबी-रुंदी टेपनं मोजून गेला.

चांगुणानं ते पाहिलं. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगितलं नाही. मोठ्या पोरीची दहावी होती, घरात तो विषय काढायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी चहाला तीच म्हणाली, "शेठ, माझं मशीन काढाच. पण त्याच्याआधी कुलदीपले विचारा, चौकोनी खड्ड्याचा आतला कोपरा तो कसा काढते."

शेठनं कुलदीपकडे पाहिलं.

"म्हणजे कसंय," कुलदीप म्हणाला, "बारीक कटर घ्यायचा."

"कटर गोल असते ना? कितीबी बारीक घे, कोपरा गोलच येईन. माझ्या ठशाले फिरा लागत नाही. ठसा जसा, तसा कोपरा. अन् पोलाद कितीबी कडक असू द्या, मले फरक पडत नाही. मी त्याले हात लावतच नाही, तर ते मले काय अडवीन?"

धम्मदीपनं चहात पाव बुडवता बुडवता मान हलवली. "बात तं खरी हाय."

कुलदीपला हे झोंबलं. तो म्हणाला, "कितीही कडक? मी आणून देतो तो जॉब करून दाखवाल? माझ्याकडे चाकणचा एक कार्बाइडचा तुकडा आहे. तुमचं मशीन त्याच्यात एक मिलीमीटर खोल काहीही कोरून दाखवू दे. कोणताही आकार. नाही जमलं तर मशीन गेलं."

"अन् जमलं तं?" शेठनं विचारलं.

"तर मी मशीन विकायचं नाव परत काढणार नाही."

शेठला पैज म्हणजे कॅटलॉगपेक्षाही आवडती गोष्ट. "शनिवारपर्यंत," तो म्हणाला. "साऱ्यासमोर पाहू."

बुधवारी सकाळी कुलदीपनं काडेपेटीएवढा काळा चकचकीत ठोकळा चांगुणाच्या टेबलावर ठेवला. "घ्या ताई. कार्बाइड. हिऱ्याच्या खालोखाल कडक." आणि तो आपल्या मशीनकडे निघून गेला. जाताना त्याच्या खांद्यांची ठेवण अशी होती की पाठीमागूनही हसू दिसावं.

चांगुणानं ठोकळा उचलला आणि तिचा हात जरा जास्तच वर गेला.

कार्बाइड तिनं पुष्कळ हाताळलं होतं. ते लोखंडाच्या जवळपास दुप्पट जड. एवढा तुकडा उचलताना मनगटाला कळतं. हा तर साबणाच्या वडीसारखा हलका. तिनं खिशातला मीटर काढला, दोन्ही टोकं ठोकळ्याला लावली. वीज आरपार जाते तिथं मीटर किंचाळतं. ते मुकं राहिलं. तरीही तिनं एकदा ठोकळा मशीनच्या व्हाइसमध्ये पकडला, ठसा हळूहळू खाली आणला. जॉबला टेकल्याबरोबर मशीनचा बझर वाजायला हवा. ठसा टेकला. बझर वाजला नाही.

"धम्मदीपभाऊ," तिनं हळूच हाक मारली. "इकडं या. पाहा, मले येड्यात काढून राह्यलं पोट्टं."

धम्मदीप आला, ठोकळा हातात झेलून पाहिला. "हे कार्बाइड नोय."

"सिरॅमिक हाय. कपबशीची बहीण. हिच्यातून करंटच जात नाही. करंट नाही तर ठिणगी नाही, अन् ठिणगी नाही तर माझं मशीन म्हंजे तेलाची टाकी. त्याले सारं मालूम हाय."

"शेठले सांगून दे ना मंग."

चांगुणानं विचार केला. सांगितलं तर कुलदीप म्हणणार, चुकून दुसराच तुकडा आला, आणि हसून मोकळा होणार. शेठही हसणार. मशीनची लांबी-रुंदी मात्र मोजलेलीच राहणार.

"नोको," ती म्हणाली. "आपल्या भंगाराच्या डब्यात बोल्टच्या जुन्या साच्यातून काढलेला खरा कार्बाइडचा तुकडा हाय ना?"

"हाय. जवळपास एवढाच हाय." धम्मदीपच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडायला लागला. "ताई, तुमी लय खराब बाई हा."

"मले एक तांब्याचा ठसा करून द्या. दोन द्या. कार्बाइडवर तांबं लवकर झिजते. एक मोठ्या ठिणगीले, एक बारीक ठिणगीले."

"आकार कोणता?"

चांगुणानं पलीकडे पाहिलं. कुलदीप मशीनचं दार उघडून शीळ घालत होता.

"कासव," ती म्हणाली.

धम्मदीपनं दीड दिवस लावला. तांब्याच्या सळीच्या तोंडावर बोटाच्या पेराएवढं कासव कानशीनं उभं केलं: वाटोळी पाठ, चार पाय, पुढं डोकं, मागं टोकदार शेपटी. दुसरं कासव हुबेहूब पहिल्यासारखं. मिलिंग कटरच्या बापालाही ती शेपटीची खाच कार्बाइडात काढता आली नसती. कुलदीपनं दोनदा येऊन विचारलं, काय चाललंय. धम्मदीपनं दोनदा सांगितलं, "पोरीच्या शाळेचं प्रोजेक्ट."

शुक्रवारी चांगुणानं खरा कार्बाइड व्हाइसमध्ये पकडला. ठसा टेकवला, बझर किंचाळला, तिला बरं वाटलं. टाकी भरली. तेल जॉबच्या वर चांगलं चार बोटं आलं की नाही ते बघितलं, कारण ठिणगी तेलाच्या पृष्ठभागाजवळ आली तर आग लागते आणि मग मस्करीची कुस्करी व्हायला वेळ लागत नाही. आणि चरचर सुरू झाली.

कुलदीप दुपारी आलाच. टाकीत डोकावला. तेल तोवर काळं झालं होतं, आत काही दिसत नव्हतं, पण मशीन चरचरत होतं.

"चालू आहे?" त्याच्या आवाजात किंचित खरखर होती.

"चालू हाय की."

"कट होतंय?"

"कार्बाइड हाय ना. हळूहळू होईन. कासव हाय माझं मशीन."

तो कान देऊन ऐकू लागला. ठिणगीचा आवाज ओळखण्याइतपत ज्ञान त्याला होतं. त्याच्या हिशेबानं तो आवाज यायलाच नको होता. तो निघून गेला आणि त्या दिवशी त्यानं शीळ घातली नाही.

शनिवारी चहाच्या वेळेला सगळे मशीनभोवती जमले. चांगुणानं टाकी रिकामी केली. व्हाइसमध्ये जॉब तसाच घट्ट पकडलेला, वर तेलातला काळा गाळ माखलेला. फक्त मधोमध तिनं फडक्यानं पुसलं. त्या काळ्या ठोकळ्यात एक कासव बसलं होतं. चार पाय, डोकं आणि सुईसारखी शेपटी.

"वा!" शेठ म्हणाला आणि बोटानं चाचपून पाहू लागला. "आतली खाच पाह्य बे कशी हाय!"

कुलदीप वाकला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. परत वाकला. त्याचा चेहरा एकेक करून सगळे रंग सोडत गेला.

"हे शक्यच नाही," तो म्हणाला.

"काऊन?" शेठनं विचारलं.

"नाही, म्हणजे... हे होऊच शकत नाही."

"अबे डोळ्यांसमोर हाय ना. एक मिलीमीटर मोजून घे." शेठनं त्याच्या हातात खोली मोजायचा मायक्रोमीटर दिला.

कुलदीपनं मोजलं. एक मिलीमीटर आणि वर दोन शतांश. कपाळावर घाम आला आणि घामाबरोबर सहा वर्षांचं चाकणही वाहून गेलं.

"शेठ, असं कसं होईन? अहो, याच्यातून करंटच जात नाही!"

धम्मदीपनं कप खाली ठेवला.

"जात नाही?" शेठनं सावकाश विचारलं. "तू तं कार्बाइड म्हणला होता. कार्बाइडातून करंट जाते. हे मलेबी मालूम हाय."

कुलदीपनं पुढं बोलावं तर लबाडी कबूल करावी लागते. मागं फिरावं तर कासव समोर बसलेलं.

चांगुणानं व्हाइस सैल केला, कार्बाइडचा ठोकळा काढून त्याच्या डाव्या हातात ठेवला. मग ड्रॉवर उघडून त्याचाच काळा चकचकीत ठोकळा उजव्या हातात ठेवला. डावा हात टेबलाकडे खाली गेला, उजवा जागीच राहिला.

"हा माझा, हा तुया," ती म्हणाली. "करंट मीटरनं कळते भाऊ, पण हे तं हातानंच कळलं होतं."

शेठ आधी धम्मदीपकडे बघून हसला, मग इतका हसला की खोकला आला. खोकला थांबल्यावर मात्र तो कुलदीपला म्हणाला, "माणसाचं मशीन घ्यायले निंगाला होता तू. तेबी फसवून." कुलदीप मान खाली घालून उभा राहिला. मग शेठ चांगुणाकडे वळला. "अन् तुमी बी कमी नाही. अख्खा दिवस माझं मशीन कासवासाठी चालवलं."

"आजच भरून काढतो शेठ," चांगुणा म्हणाली आणि लगेच टाकी भरायला लागली.

पुढचे दोन आठवडे कुलदीप जरुरीपुरतं बोलत होता. चांगुणाला विजयाचा आनंद तीन दिवस पुरला. चौथ्या दिवसापासून तिला तो गप्प बसलेला बघवेना. सकाळचा चहा अळणी लागू लागला.

मग एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या मशीनपाशी येऊन उभा राहिला. हातात काही नव्हतं, पण हात मागे धरलेले.

"ताई, हळू बोला," तो म्हणाला.

"मी तं बोललीच नाही."

"टॅप मोडला."

"काय मोडलं?" चांगुणानं शेडभर ऐकू जाईल असं विचारलं.

"ताई!" तो कळवळला.

फवारणी पंपाच्या झाकणाच्या साच्याची प्लेट होती. तिच्यावर तीन आठवडे काम झालेलं. शेवटच्या भोकात आटे पाडताना आटे कापायचं सहा मिलीमीटरचं हत्यार, तो टॅप, आत तुटून राहिला होता, पार पृष्ठभागाशी समतल. टॅप स्वतःच इतका कडक की त्यात ड्रिल शिरत नाही. ठोकून काढावा तर आटे आणि प्लेट दोन्हींचा सत्यानाश. शेठला अजून कळलं नव्हतं.

"कोणाचा जॉब?" तिनं विचारलं.

"मोताळ्याच्या पंपवाल्या जीवनभाऊचा. येत्या सोमवारी चाचणी लागते त्याले. ताई, तुमचा राग समजू शकतो मी, पण..."

"राग कायचा? आण प्लेट. पण एक अट हाय. मशीन तू चालवायचं. मी बसून पाह्यतो."

तिनं तीन मिलीमीटरची तांब्याची पोकळ नळी लावली, आतून तेल सुटेल अशी. नळी टॅपच्या बरोबर मधोमध आणायला कुलदीपला पाऊण तास लागला. चांगुणा स्टुलावर बसून डब्यातली शेंगदाण्याची चटणी खात होती.

"सांग मले काय होऊन राह्यलं," ती म्हणाली.

"ठिणगी पडतेय."

"अन्?"

"टॅपचा मधला गाभा वितळून जातोय. आटे बाजूला आहेत, नळी त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून त्यांना काही होत नाही."

"अन् टॅप कडक हाय म्हणून काही अडचण?"

कुलदीपनं तिच्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "काहीच नाही."

तास उलटला. कुलदीप चुळबुळत होता. चार मिनिटांत काम उडवायची सवय असलेल्या माणसाला काट्याकडे बघत उभं राहणं म्हणजे शिक्षाच. तीनदा त्यानं वेग वाढवायला हात पुढे केला, तीनदा चांगुणानं खोकल्यासारखं केलं. एकदा तिनं खोकलंच नाही. त्यानं बटण फिरवलं, मशीननं नळी गपकन वर उचलली आणि चरचर बंद पडली.

"कण बाहेर जायच्या आधीच घाई केली तू," ती म्हणाली. "फटीत गाळ साठला. आता थांब जरासा, तेलाले काम करू दे."

शेवटी गाभा निघाला. टॅपचे बाजूचे तीन तुकडे भोकात सुटे होऊन डुलत होते. बारीक चिमट्यानं दोन आले, तिसरा चुंबकानं. कुलदीपनं सहाचा बोल्ट घेऊन भोकात फिरवला. तो तळापर्यंत लोण्यात सुरी जावी तसा गेला. कुलदीप बोल्ट पुन्हा बाहेर काढून पुन्हा आत फिरवू लागला. चार वेळा.

"आता खरंच खराब करशीन," चांगुणा म्हणाली.

त्याच साच्यात अजून एक अडचण उरली होती. झाकणाच्या आत अकरा पातळ बरगड्या हव्या होत्या, पाऊण मिलीमीटरहून किंचित जाड आणि चौदा मिलीमीटर उंच. म्हणजे साच्यात तेवढ्याच अरुंद आणि खोल खाचा. कुलदीपनं आधी कटरनं करायचं ठरवलं होतं. एवढा बारीक कटर एवढ्या खोल जाताना वाकतो आणि मोडतो, हे त्यानं आता स्वतःच शेठला सांगितलं. "तांब्याचा ठसा मी मिलिंगवर काढतो," तो म्हणाला. "बरगड्या बाहेरच्या बाजूला असल्या की कटरला जागाच जागा. खाचा ताई काढतील."

शेठनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, जणू कोणी तरी परत त्याची मस्करी करतंय. मग कॅटलॉग टेबलाखाली टाकून तो फोनवर बोलायला निघून गेला.

बुधवारी कुलदीपनं ठसा आणला. चांगुणानं तो उन्हाकडे धरला. अकरा पाती, एकसारखी, आरशासारखी. धम्मदीपही बेंच सोडून बघायला आला.

"कशी झाली?" कुलदीपनं विचारलं.

"फस्ट क्लास. किती जाडीची पाती ठेवली?"

"ड्रॉइंगप्रमाणे. शून्य पॉइंट आठ. एक शतांश इकडचा तिकडं नाही."

चांगुणानं धम्मदीपकडे बघितलं. धम्मदीपनं छताकडे बघितलं.

"अन् ठिणगीचा वाटा?" तिनं विचारलं.

"कसला?"

"ठसा अन् पोलादाच्या मधात फट राह्यते ना? तितं दोन्ही बाजूनं ठिणगी खाते. शून्य पॉइंट आठचा ठसा घातला तर खाच शून्य पॉइंट नऊ होईन. बरगडी जाड होईन, अन् जीवनभाऊ तुले पंपानं फवारीन."

कुलदीपनं कपाळावर हात मारला. "तुम्हाला हे काल माहीत होतं?"

"हाव."

"मग काल सांगायचं ना!"

"काल तू विचारलंच नाही," चांगुणा म्हणाली. "पाती शून्य पॉइंट सातची कर. अन् एक नाही, दोन ठसे कर. तांबंबी झिजते."

कुलदीपनं तो चमकदार, बिनकामाचा ठसा हातात फिरवला, नवं तांबं घेतलं आणि मशीनचं दार उघडलं. पहिलं पातं कापत असतानाच त्यानं शीळ घालायला सुरुवात केली. बेसूर होती, पण धम्मदीपनं कानस तिच्याच तालावर धरली.